चेंज हवा होता

दुपारी दोनला हँडओव्हर देत होते. अकरा नंबरचं सलाईन किती राहिलंय ते सांगून झालं, इन्सुलिनच्या वेळा सांगून झाल्या, कपाटाच्या चाव्या दिल्या, तरी आमची नवी सिस्टर माझ्या मागेमागेच. "ताई, जेवलात का?" म्हटलं, घरी जाऊन जेवेन. मग माझ्या मुलाची बारावी कशी चाललीय. मग माझं घड्याळ किती छान आहे. ती या वॉर्डात आली तेव्हापासून माझ्या हातात हेच घड्याळ आहे. शेवटी मीच पर्समधून डायरी काढली आणि विचारलं, "कुठली तारीख?"

बिचारी लालेलाल झाली.

ड्युटी बदलून मागायला आलेलं माणूस मला लांबून ओळखू येतं. ही विद्या माहेरची. वडील एसटीत ड्रायव्हर, कोकणातल्या एका डेपोत. शिमगा जवळ आला की आमच्या पडवीत संध्याकाळी कुणी ना कुणी येऊन बसायचं. पालखी घरी येणार, त्याच रात्री मुक्कामाची गाडी नावावर पडलेली. म्हणजे संध्याकाळी गाडी घेऊन कुठल्याशा टोकाच्या गावात जायचं, तिथेच झोपायचं आणि पहाटे पहिली फेरी घेऊन परतायचं. पण आलेले काका हे बोलायचेच नाहीत. यंदा मोहर कमी आहे, कौलं परतायला माणूस मिळत नाही, पोरगी किती उंच झाली वगैरे. चहा व्हायचा. दुसरा चहा व्हायचा. आई आत कुकर उतरवून ठेवायची, कारण पाहुणा उठल्याशिवाय पानं घेता येत नसत. मग काका उठायचे, एक चप्पल पायात घालायचे, दुसरी अंगठ्याने चाचपत म्हणायचे, "बाकी ती परवाची मुक्कामाची तेवढी बघाल का?"

वडील बहुतेकदा हो म्हणायचे. मात्र काका फाटकाबाहेर गेले की चिडायचे. ड्युटीबद्दल नाही, चपलेबद्दल. "दोन कप चहा पिऊन विचारतो. आता नाही म्हणायला तोंड राहतं का?"

स्वतः विचारायला जायचे तेव्हा ते उंबऱ्याबाहेरूनच बोलायचे. "परवा माझी मुक्कामाची आहे, तुझी सकाळची. बदलतोस का? नसेल जमत तर सांग, आणखी दोघांना विचारायचंय. आणि चहा टाकायला सांग." चहा कामानंतर, म्हणजे नकार देऊनही समोरच्याला तो सुखाने पिता यावा. मला हे फार आवडायचं. अजूनही कँटीनमध्ये कुणी आधी वडापाव मागवला की मी विचारते, काम काय ते बोल, मग खाते.

आमच्या वॉर्डाचं तंत्र एसटीपेक्षा सोपं आहे असं वाटतं, पण नाही. सकाळ आठ ते दोन, दुपार दोन ते आठ, रात्र आठ ते आठ. इनचार्ज सिस्टरला आधी चिठ्ठी द्यावी म्हणतात, पण गौरींच्या वेळी चिठ्ठ्या सगळ्यांच्याच. वसईची आमची एक सिस्टर तेवढी म्हणते, गौरींना मला कुठेही टाका, नाताळ तेवढा सोडा. तिच्यावर सगळ्यांचा डोळा असतो. गंमत म्हणजे नाताळात हे कुणालाच आठवत नाही.

तर 2025 ला गौरीपूजन सोमवारी, 1 सप्टेंबरला होतं. माझी नेमकी सकाळ. आमच्याकडे नैवेद्य दुपारी बाराचा, म्हणजे पुरणपोळ्या सासूबाई लाटणार आणि मी कॅथेटरच्या पिशव्या मोजणार. लिस्टवर मी फक्त सोमवारचा रकाना पाहिला असता तर त्या दिवशी एक सिस्टर 'ऑफ' दिसत होती. पण तिच्या नावापुढे रविवारची रात्र होती. ती सोमवारी आठला सुटून घरी जाऊन झोपणार, त्यासाठीच तो ऑफ. तिला सकाळ मागायची म्हणजे बारा तासांवर आणखी सहा तास चढवायचे. लिस्टमध्ये माणूस मोकळं दिसतं म्हणून ते मोकळं नसतं. आदल्या आणि पुढच्या दिवशी काय आहे ते पाहिल्याशिवाय मी कुणाकडे जात नाही.

दुसरीची रविवारी सकाळ, सोमवारी दुपार आणि मंगळवारी ऑफ होता. तिने माझी सकाळ केली की ती सोमवारी दोनलाच सुटते आणि मंगळवार धरून दीड दिवस सलग मिळतो. मी नैवेद्य दाखवून दोनला हजर. सहा तासांना सहा तास. तिला जिन्यात गाठून एवढंच म्हटलं, "सोमवारची माझी सकाळ घेतेस? तुझी दुपार मी करते. तुला मंगळवारी ऑफ आहे, गावी जायला बरं पडेल. उद्यापर्यंत सांग, नाही जमलं तरी सांग." सासूबाई, पुरण, नणंदेचा रुसवा, काही काढलं नाही. ती विचारेल तर सांगू. तिने विचारलं नाही, नवऱ्याला फोन करून हो म्हणाली.

ही गोष्टीवेल्हाळ मागणी मला सोसतच नाही. आधी "सोमवारी काय करतेयस?" म्हणून विचारायचं, समोरची "काही नाही गं" म्हणाली की फासा टाकायचा. किंवा "तुला काय, तुला लहान मूल नाही." आमच्यातल्या बिनलग्नाच्या पोरींच्या वाट्याला अशाने किती रात्री येतात! आणि ग्रुपवर हात जोडलेली चित्रं टाकून "कुणी चेंज करेल का प्लीज" विचारणं तर फुकट. सगळ्या वाचतात, प्रत्येकीला वाटतं दुसरी करेल.

हो मिळालं की लगेच रजिस्टर. जुनं नाव एका रेघेने कापायचं, दोघींच्या सह्या, वर इनचार्जची. व्हाइटनर अजिबात नाही. तोंडी चेंजचं काय होतं, तर रात्री आठला कुणीच येत नाही. एकीला वाटतं दुसरी जाणार, दुसरीला वाटतं ते नक्की ठरलंच नव्हतं. दुपारवाली हँडओव्हर दिल्याशिवाय वॉर्ड सोडू शकत नाही, ती बिचारी घड्याळाकडे बघत पुढची औषधं काढायला घेते. आणि गैरहजेरी लागते ती लिस्टवर जिचं नाव छापलंय तिला. त्यानंतर पुढच्या कित्येक महिन्यांत त्या दोघी एकमेकींना चेंज मागत नाहीत.

हे सगळे हिशेब एकाच फोनला बंद पडतात. एकदा पहाटे पाचला एका मैत्रिणीचा आला. "बाबा गेले." मी "कुठली ड्युटी" एवढंच विचारलं, तिने "सकाळ" म्हटलं आणि ठेवला. रजिस्टरवर तिची सही नंतर झाली, इनचार्जने एरवी चालवून घेतलं नसतं. तेराव्यानंतर ती कामावर आली ती सरळ माझ्यासमोर, "तुझी कुठली करू?"

मी म्हटलं, राहू दे गं. ती ऐकेना. शेवटी म्हटलं, बरं, गौरीपूजनाची कर. चालेल म्हणाली, डायरीत लिहूनही घेतलं. तिच्याही घरी गौरी बसतात, हे तेव्हा दोघींच्याही डोक्यात आलं नाही.