आमची वाटचाल: दुकानातल्या चाळीस पेट्या आणि कारखान्यातल्या तीनशे साठ

यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात आमचा कपडे धुण्याच्या डिटर्जंट वडीचा छोटा कारखाना आहे. अ‍ॅसिड स्लरी, सोडा अ‍ॅश, डोलोमाइट पावडर आणि चायना क्ले मिक्सरमध्ये मळायचे, प्लॉडरमधून सलग पट्टी काढायची, ती कापून, रॅपर लावून पेटीत भरायची, असे हे काम आहे. माल यवतमाळच्या वितरकाकडे जातो, तिथून दारव्हा, दिग्रस, नेर, आर्णी येथील ठोक व्यापाऱ्यांकडे आणि त्यांच्याकडून गावोगावच्या किराणा दुकानांत पोहोचतो. आमच्या वाटचालीत यंत्रे आली, कर्जे फिटली, जागा वाढली. परंतु धंद्याला खरे स्थैर्य आले ते ऑर्डरींच्या चढउताराचे कारण उलगडल्यावर, म्हणून इथे त्याविषयीच सविस्तर लिहीत आहे.

वडी ही नित्याची वस्तू आहे. घरात माणसे तितकीच असतील तर महिन्याला लागणाऱ्या वड्याही जवळजवळ तितक्याच राहतात. तरीही आमच्याकडे एखाद्या आठवड्यात दोन पाळ्या चालवाव्या लागत आणि पुढच्याच आठवड्यात प्लॉडर बंद ठेवावा लागे. या भागात अशा चढउताराला सरसकट तेजी-मंदी म्हणतात. आमच्या विक्री प्रतिनिधीने मात्र बाजाराच्या दिवशी निवडक दुकानांत जाऊन आठवड्याभरात किती वड्या प्रत्यक्ष विकल्या गेल्या हे लिहून आणायला सुरुवात केली, आणि ती वही आमच्या ऑर्डर बुकाशेजारी ठेवल्यावर दिसले की दुकानातली विक्री बहुतेक काळ सपाट आहे आणि वर-खाली होत आहेत त्या फक्त ऑर्डरी.

हे कसे घडते ते सोप्या आकड्यांत मांडतो. समजा, या चार तालुक्यांतल्या दुकानांत मिळून आठवड्याला ४०० पेट्या विकल्या जातात. ठोक व्यापारी आणि वितरक दोघेही दोन आठवड्यांच्या विक्रीइतका, म्हणजे प्रत्येक पायरीवर ८०० पेट्यांचा साठा ठेवतात. सर्व काही स्थिर असेपर्यंत ४०० विकल्या की ४०० मागवल्या जातात. मग कापसाचे चुकारे कास्तकारांच्या हाती येतात आणि विक्री ४४० होते, म्हणजे फक्त ४० पेट्यांची वाढ. ठोक व्यापारी विकलेल्या ४४० पेट्या तर मागवतोच, शिवाय त्याच्या हिशेबाने दोन आठवड्यांचा साठा आता ८८० हवा असतो, म्हणून तो आणखी ८० मागवतो. त्याची ऑर्डर ५२० होते. वितरकाला दुकान दिसत नाही, त्याला फक्त हे ५२० दिसतात. त्याच्या दोन आठवड्यांचा साठा आता १०४० व्हायला हवा, म्हणून तो ५२० आणि वरचे २४० मिळून ७६० पेट्या आमच्याकडे मागतो. दुकानात वाढल्या ४० आणि कारखान्यावर वाढल्या ३६०.

खरी इजा पुढच्या आठवड्यात होते. दुकानात विक्री ४४० वरच स्थिर असते. ठोक व्यापाऱ्याचा साठा भरलेला असल्याने तो बरोबर ४४० मागवतो. वितरकाला मात्र ५२० नंतर ४४० आल्यामुळे विक्री उतरल्यासारखी वाटते, त्याच्या लेखी साठा १०४० ऐवजी ८८० पुरेसा ठरतो, आणि तो जादा १६० पेट्या वजा करून आमच्याकडे केवळ २८० मागतो. गिऱ्हाईक पूर्वीपेक्षा जास्त वड्या घेत असताना कारखान्याला मंदी दिसते. आम्हीही ७६० पाहून त्याच नियमाने दोन आठवड्यांचा कच्चा माल धरला असता, तर १४८० पेट्यांपुरती स्लरी आणि सोडा मागवला असता आणि नंतरच्या आठवड्यात काहीच नाही. आम्हाला माल पुरवणाऱ्याला मग बाजार वेडापिसा झाल्यासारखाच दिसला असता.

या साखळीत कोणीही बेजबाबदार नाही, हे मला आवर्जून नोंदवावेसे वाटते. प्रत्येकाने आपापल्या पायरीवर शहाणपणानेच हिशेब केलेला आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेचे प्राध्यापक जे फॉरेस्टर यांनी १९५८ मध्ये कारखाना, वितरक आणि दुकानदार यांच्या साखळीतील हीच वाढत जाणारी लाट गणिताने दाखवून दिली होती. पुढे प्रॉक्टर अँड गॅम्बल या कंपनीला डायपरच्या व्यवहारात तेच आढळले: बाळे डायपर एकसारख्या प्रमाणात वापरतात, तरी वितरकांच्या ऑर्डरी त्याहून जास्त हलतात आणि कच्च्या मालाच्या ऑर्डरी त्याहूनही जास्त. त्यालाच बुलव्हिप इफेक्ट म्हणतात. ली, पद्मनाभन आणि व्हांग या संशोधकांनी १९९७ मध्ये त्याची चार मुख्य कारणे सांगितली: खालच्या ऑर्डरीलाच मागणी समजून अंदाज बांधणे, गठ्ठ्याने ऑर्डर देणे, भाव वरखाली करणे आणि टंचाईत फुगवून मागणे. आमच्या ऑर्डर बुकात ही चारही कारणे सापडली. भाव आणि टंचाई या दोहोंविषयी थोडे अधिक लिहितो, कारण ती दोन्ही कारखानदाराच्याच हातात असतात.

आमच्या धंद्यात महिनाअखेरीस स्कीम देण्याची प्रथा आहे, म्हणजे दहा पेट्यांवर एक पेटी मोफत. स्कीम असते त्या आठवड्यात ठोक व्यापारी महिन्याभराचा माल उचलतो आणि पुढचे तीन आठवडे फिरकत नाही. स्कीममुळे गावातले कोणी जास्त कपडे धूत नाही. वाढतो तो फक्त व्यापाऱ्याच्या गोदामातला साठा, आणि तोही पुढच्या महिन्याच्या विक्रीतून उचललेला असतो. पावसाळ्यात अशा गोदामात भिंतीला टेकून राहिलेल्या पेट्यांतील वड्यांना ओल धरते, रॅपर चिकटते आणि तो माल परत येतो, हा खर्च वेगळाच.

टंचाईचा प्रकार याहून अवघड आहे. आमच्याकडे मोठ्या ऑर्डरी नेमक्या दिवाळीच्या आगेमागे येत आणि त्याच दिवसांत कापसाची वेचणी सुरू असते. पॅकिंगवर येणाऱ्या बाया वेचणीला जातात, कारण शेतातली मजुरी त्या दिवसांत चांगली मिळते आणि आपले किंवा नात्यातले शेत सोडून त्यांनी कारखान्यात यावे अशी अपेक्षा करणेच गैर आहे. म्हणून माल कमी पडे आणि प्रत्येकाला मागणीच्या प्रमाणात, समजा निम्मा, माल वाटला जाई. दिग्रसच्या एका व्यापाऱ्याने त्याचा परिणाम एका वाक्यात सांगितला: “भाऊ, तुमी निम्माच माल देता म्हणून म्या दुप्पट लिवतो. लागते मले तेवढाच.” निम्मा मिळणार म्हणून दुप्पट लिहिले जाते, दुप्पट लिहिलेले पाहून टंचाई आणखी मोठी वाटते, आणि माल मुबलक झाला की ऑर्डरी एकदम रद्द होतात. त्यातच वाटेत असलेला माल कोणी मोजत नाही. सोमवारी मागवलेले शुक्रवारपर्यंत आले नाही की तीच ऑर्डर पुन्हा लिहिली जाते आणि आमच्याकडे ती नवी मागणी म्हणून नोंदली जाते.

यावर केलेले उपाय साधे आहेत, पण प्रत्येकाची काही किंमत मोजावी लागते. पहिला उपाय माहितीचा. वितरक आणि ठोक व्यापारी दर शनिवारी व्हॉट्सअ‍ॅपवर तीन आकडे पाठवतात: आठवड्याची विक्री, शिल्लक साठा आणि वाटेतला माल. उत्पादन आम्ही ऑर्डरीवरून न ठरवता या विक्रीवरून ठरवतो. व्यापारी हे आकडे सहजी देत नाहीत, कारण साठा कळला की कंपनी माल लादेल ही त्यांची भीती रास्त असते. ज्यांनी आकडे दिले त्यांच्याकडे न मागता एकही पेटी उतरवायची नाही, हे काटेकोर पाळल्यावरच बाकीचे तयार झाले.

दुसरा उपाय फेऱ्यांचा. पंधरा दिवसांनी मोठी गाडी भरून पाठवण्याऐवजी छोटा हत्ती दर आठवड्याला जातो. माल आठवड्याला येतो हे पक्के झाल्यावर व्यापाऱ्याला दोनऐवजी एकाच आठवड्याचा साठा पुरतो. वरच्याच उदाहरणात हा बदल करून पाहा: ठोक व्यापारी ४४० अधिक ४० म्हणजे ४८० मागवतो, वितरक ४८० अधिक ८० म्हणजे ५६०. म्हणजे ७६० चे ५६० झाले. पेटीमागे भाडे वाढते हे खरे, पण परतीच्या फेरीत दुसऱ्यांचा माल आणून त्यातला काही भाग भरून निघतो.

तिसरा उपाय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. साठ्यातली तूट एकाच आठवड्यात भरून काढायची नाही, दर आठवड्याला तिचा चौथा हिस्सा भरायचा. दोन आठवड्यांचा साठा ठेवायचा असे धरले तरी ठोक व्यापारी ४४० अधिक २० म्हणजे ४६० मागवतो. वितरकाचा हवा असलेला साठा ९२०, तूट १२०, तिचा चौथा हिस्सा ३०, आणि कारखान्यावर येणारी ऑर्डर ४९०. ठोक व्यापाऱ्याचा साठा काही काळ दोन आठवड्यांऐवजी पावणेदोन आठवड्यांच्या किंचित वर राहतो, इतकेच. विक्री खरोखरच वाढत जाणार असेल तर ही पद्धत मागे पडते, म्हणून दुकानातल्या वहीत सलग काही आठवडे वाढ दिसली की आम्ही हिस्सा वाढवतो.

महिनाअखेरची स्कीम बंद करून तीच सवलत वर्षभर दरात दिली. पहिल्या काही महिन्यांत काही व्यापारी दुसऱ्या वड्यांकडे वळले आणि त्यातले सगळे परत आलेले नाहीत. टंचाईत माल वाटताना आता ऑर्डर पाहत नाही, गेल्या दोन महिन्यांची विक्री पाहतो. त्यामुळे दुप्पट लिहिण्यात कोणाचा फायदा उरला नाही.

लाट किती उरली आहे हे ओळखायला आम्ही एकच माप वापरतो. तिमाहीतल्या सर्वांत मोठ्या आठवड्याला सर्वांत लहान आठवड्याने भागायचे, आधी दुकानातल्या विक्रीसाठी आणि मग आमच्याकडच्या ऑर्डरींसाठी. दोन्ही भागाकार जवळपास सारखे असतील तर चढउतार गिऱ्हाइकाचा आहे. ऑर्डरींचा भागाकार मोठा असेल तर तो साखळीत तयार झाला आहे, आणि कोणत्या पायरीवर, हे शनिवारच्या आकड्यांत दिसते. दिवाळीची साफसफाई आणि लग्नसराईतली वाढ खरी असते. ती कोणत्याही पद्धतीने सपाट होत नाही, म्हणून वेचणी सुरू होण्यापूर्वीच, पाऊस ओसरताच थोडा माल बांधून ठेवतो. रॅपरचा प्रश्न अजून सुटलेला नाही. छपाईवाला ठरावीक वजनापेक्षा कमी रोल छापत नाही, त्यामुळे त्याच्याकडे जाणारी आमची ऑर्डर आजही काही महिन्यांनी एकदम जाते आणि त्याच्या लेखी आम्ही तसेच लहरी गिऱ्हाईक आहोत. पुढच्या छपाईआधी सहा महिन्यांचा अंदाज त्याला लेखी देऊन माल टप्प्याटप्प्याने उचलायचा, असे बोलणे सध्या चालू आहे.