क्यूबिटमध्ये नॉइज घालताना: क्राउस ऑपरेटर हाताने काढून पाहिल्याचा अनुभव

एम.एस्सी.च्या प्रकल्पात मला एकाच क्यूबिटच्या सिम्युलेशनमध्ये नॉइज घालायचा होता. गाइड सरांनी दोन चॅनेल सांगितले होते: ॲम्प्लिट्यूड डॅम्पिंग आणि डिपोलरायझिंग. दोन्ही लायब्ररीत तयार मिळतात, एका ओळीचं काम. पण सरांची अट होती की आधी कागदावर काढून दाखव आणि मगच लायब्ररीला हात लाव. त्या अटीमुळे जे हाती लागलं ते इथे लिहितोय.

चॅनेलची मांडणी ही अशी:

```
ρ → Σ E_k ρ E_k†,   Σ E_k† E_k = I
```

ρ म्हणजे क्यूबिटचा डेन्सिटी मॅट्रिक्स आणि E_k म्हणजे क्राउस ऑपरेटर. कार्ल क्राउस या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाचं नाव त्यांना मिळालंय. दुसरी अट ट्रेस १ राहावा म्हणून आहे, म्हणजे एकूण संभाव्यता कुठे गळत नाही. इथवर पाठ करता येतं. खरा प्रश्न हा की हे E_k येतात कुठून?

सरांनी सांगितलं, "क्यूबिटच्या शेजारी परिसर म्हणून आणखी एक क्यूबिट ठेव, आणि तो |0⟩ मध्ये आहे असं धर." ॲम्प्लिट्यूड डॅम्पिंग म्हणजे उत्तेजित क्यूबिटने आपली ऊर्जा परिसराला देऊन खाली येणं. पहिला अंक क्यूबिटचा, दुसरा परिसराचा, असं लिहिलं तर |00⟩ ला काहीच होत नाही, कारण द्यायला ऊर्जाच नाही. |10⟩ चं मात्र √(1−γ)|10⟩ + √γ|01⟩ होतं, जिथे γ ही |1⟩ मधल्या क्यूबिटची ऊर्जा बाहेर पडण्याची संभाव्यता. आता परिसराकडे दुर्लक्ष करायचं, म्हणजे त्याच्यावर ट्रेस घ्यायचा. परिसर |0⟩ मध्येच राहिला त्या भागातून E0 निघतो, |1⟩ मध्ये गेला त्या भागातून E1. दोन ओळींत दोन्ही मॅट्रिक्स समोर येतात. त्यानंतर बेरजेचं ते सूत्र मला कधी आभाळातून पडल्यासारखं वाटलं नाही. परिसराच्या जितक्या शक्यता आपण वेगळ्या धरल्या, तितकी बेरजेतली पदं.

मग मी γ = ०.३६ घेतला, म्हणजे √(1−γ) बरोबर ०.८ येतो आणि हिशेब हाताने होतो. सुरुवातीची अवस्था |+⟩, म्हणजे ρ च्या चारही जागी ०.५.

```python
import numpy as np
g = 0.36
E0 = np.array([[1, 0], [0, np.sqrt(1-g)]])
E1 = np.array([[0, np.sqrt(g)], [0, 0]])
rho = np.full((2, 2), 0.5)
print(sum(E @ rho @ E.conj().T for E in (E0, E1)))
# [[0.68 0.4 ]
#  [0.4  0.32]]
```

हातचं उत्तरही हेच आलं. पण बेरीज करण्याआधीची दोन पदं वेगवेगळी पाहिली तेव्हा मी थबकलो. E1 च्या पदाचा ट्रेस ०.१८: इतक्या संभाव्यतेने ऊर्जा बाहेर पडली. उरलेली ०.८२ ची शक्यता E0 ची, म्हणजे परिसरात काहीच पोहोचलं नाही. "काहीच झालं नाही" तर अवस्था |+⟩ च राहायला हवी, नाही का? पण E0 च्या पदात |1⟩ चा वाटा ०.३२ आहे. त्याला ०.८२ ने भागलं की ०.३९ येतात. आधी ते ०.५ होते. ऊर्जा बाहेर न पडताही क्यूबिट |0⟩ कडे कलला. कारण बाहेर काही आलं नाही ही सुद्धा माहितीच आहे: क्यूबिट |1⟩ मध्ये असता तर काहीतरी बाहेर येण्याची शक्यता होती. E0 च्या कोपऱ्यातला √(1−γ) हे काम करतो. तिथे १ ठेवून पाहा, Σ E†E लगेच I च्या पुढे जातं.

प्रत्यक्ष वेळेशी γ चं नातं γ = 1 − e^(−t/T1) असं आहे, T1 म्हणजे क्यूबिटची ऊर्जा टिकण्याचा काळ. T1 १०० मायक्रोसेकंद असलेल्या सुपरकंडक्टिंग क्यूबिटला γ = ०.३६ होण्यासाठी साधारण ४५ मायक्रोसेकंद नुसतं थांबवावं लागेल. तेवढ्या वेळात |1⟩ चा वाटा ०.६४ पट होतो, पण कर्णाबाहेरच्या घटकांचं फक्त ०.८ पट होतं, म्हणजे वर्गमूळ. फेज टिकण्याचा काळ T2 हा T1 च्या दुपटीपर्यंत जाऊ शकतो तो यामुळेच. त्याहून कमी मोजला गेला तर ऊर्जा न गमावता फेज बिघडवणारा दुसरा नॉइजही तिथे आहे, आणि तो या दोन ऑपरेटरांत बसत नाही.

आता डिपोलरायझिंग. यात p संभाव्यतेने अवस्था पूर्ण पुसली जाऊन I/2 होते. ऑपरेटर चार: √(1−3p/4) I, आणि √p/2 ने गुणलेले X, Y, Z. मी p = ०.२ मुद्दाम घेतला. |+⟩ वर लावला की कर्णावर ०.५, ०.५ आणि बाहेर ०.४, ०.४ येतात. म्हणजे X दिशेने मोजलं तर दोन्ही चॅनेल |+⟩ मिळण्याची संभाव्यता ०.९ च देतात. फक्त ते मोजमाप पाहणाऱ्याला कोणता नॉइज आहे हे कळणारच नाही. फरक दिसतो तो |0⟩ पाठवल्यावर. डॅम्पिंग त्याला हात लावत नाही, डिपोलरायझिंग १० टक्के वेळा |1⟩ देतं. |1⟩ पाठवला तर उलट: डॅम्पिंगमध्ये ३६ टक्के वेळा |0⟩, डिपोलरायझिंगमध्ये १० टक्के. म्हणून अहवालात मी तिन्ही सुरुवातीच्या अवस्थांचे आकडे शेजारी शेजारी दिले.

लायब्ररीकडे वळल्यावर या p नेच सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. Qiskit मधला `depolarizing_error` वर लिहिलेला अर्थ घेतो. Cirq मधला `cirq.depolarize` मात्र p ही X, Y, Z पैकी काहीतरी घडण्याची एकूण संभाव्यता मानतो, प्रत्येकी p/3. दोन्हीकडे ०.१ दिलं तर ब्लॉख सदिश पहिल्यात ०.९ पट होतो, दुसऱ्यात सुमारे ०.८६७ पट. |0⟩ पाठवल्यावर |0⟩ मिळण्याची संभाव्यता ०.९५ आणि ०.९३३. कोड दोन्हीकडे बिनतक्रार चालतो, ट्रेसही १ येतो, म्हणून पूर्णतेची अट तपासून हे पकडता येत नाही. एक ज्ञात अवस्था पाठवून किती आकसली ते पाहायचं, आणि गरजेप्रमाणे p ला ३/४ ने गुणायचं किंवा भागायचं.

तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं, "|1⟩ वर γ वाढवत नेलास तर शुद्धतेचं काय होतं?" आलेख माझ्याकडे होता. Tr ρ² १ वरून उतरत जातो, γ = ०.५ ला ०.५ होतो आणि मग पुन्हा चढून १ ला पोहोचतो. डिपोलरायझिंगमध्ये p ० पासून १ पर्यंत नेताना तो फक्त उतरतो. पुढचा प्रश्न ठरलेलाच होता: नॉइजने अवस्था शुद्ध कशी केली? मी फळ्यावर पुन्हा तेच √(1−γ)|10⟩ + √γ|01⟩ लिहिलं. मधल्या γ ला क्यूबिट आणि परिसर एकमेकांत गुंतलेले असतात, म्हणून एकट्या क्यूबिटकडे पाहिलं की मिश्रण दिसतं. γ = १ ला उरतं ते फक्त |01⟩. ऊर्जा पूर्णपणे परिसरात गेली, गुंता सुटला, आणि सुरुवात |1⟩ ने झाली होती की |0⟩ ने हे आता परिसरालाच ठाऊक, क्यूबिटमध्ये त्याची खूण शिल्लक नाही.