व्हायरल लोडचा आकडा आणि चार वर्षांची वाट

शिवजयंतीच्या शिबिरात रक्त दिलं, त्याला महिना होत आला होता. २०१९ सालची गोष्ट. रक्तपेढीतून फोन आला, "एकदा समक्ष येऊन जा." तिथल्या समुपदेशक ताईंनी दार लोटून घेतलं आणि सांगितलं की माझं रक्त वापरता आलं नाही, एचबीएसएजी पॉझिटिव्ह आलंय, म्हणजे हिपॅटायटीस बी. मी तेव्हा छत्तीस वर्षांचा. कधी कावीळ झाली नव्हती, भूक चांगली, दिवसभर दुकानात उभा. मला वाटलं, बाटल्यांची अदलाबदल झाली असणार.

अदलाबदल झाली नव्हती. सांगलीच्या पोटविकार डॉक्टरांनी तपासणी पुन्हा केली, सोबत कोअर आयजीएम नावाची एक चाचणी केली. ती निगेटिव्ह आली, म्हणजे लागण ताजी नव्हती. सहा महिन्यांनी एचबीएसएजी परत पॉझिटिव्ह आलं, तेव्हा फाइलवर 'क्रॉनिक' हा शब्द पडला. डॉक्टरांनी विचारलं, "आईची तपासणी झालीय कधी?"

आई पॉझिटिव्ह निघाली. थोरला भाऊही. मोठ्या माणसाला लागण झाली तर बहुतेक वेळा शरीर विषाणूला हुसकावून लावतं, पण जन्मताना आईकडून लागण झालेल्या दहांपैकी साधारण नऊ बाळांत तो कायमचा राहतो. आमच्या जन्माच्या वेळी बाळाला चोवीस तासांच्या आत द्यायची लस कुठे होती? आईला हे कळलं त्या रात्री ती ताट तसंच ठेवून उठली. म्हणाली, "माझ्यामुळं का रे?" मी तिला एवढंच म्हणालो, तुलाही कुणीतरी दिलाच असेल की. बायको आणि मुलगी दोघी निगेटिव्ह आल्या. मुलीला लहानपणी लस झाली होती. बायकोला शून्य, एक आणि सहा महिने असे तीन डोस दिले आणि नंतर अँटीबॉडी तयार झाल्यात की नाही तेही तपासून घेतलं.

मला वाटलं, आता औषध सुरू होणार. पहिला व्हायरल लोड आला ८६०, म्हणजे रक्ताच्या एका मिलिलीटरमध्ये विषाणूचे ८६० आंतरराष्ट्रीय एकक. यकृताची सूज दाखवणारा एसजीपीटी ३१. विषाणू जोरात वाढतोय का ते सांगणारं ई अँटीजेन निगेटिव्ह. फायब्रोस्कॅन ५.४ किलोपास्कल, म्हणजे यकृत मऊ. डॉक्टर म्हणाले, "गोळी नको. तीन महिन्यांनी या."

विषाणू अंगात आहे हे माहीत असून गोळी न घेता घरी जायचं, हा माझ्यासाठी सगळ्यांत अवघड भाग होता. डॉक्टरांनी कागदावर तीन गोल काढले: विषाणू किती आहे, यकृताला सूज आहे का, आणि यकृत कडक होतंय का. निर्णय तिन्ही मिळून होतो, एकट्या आकड्यावर नाही. विषाणू दोन हजारांच्या आत, एसजीपीटी नॉर्मल आणि यकृत मऊ असेल तर शरीर त्याला धरून आहे. अशा वेळी गोळीचा फायदा थोडा, आणि एकदा सुरू केली की ती बहुधा वर्षानुवर्षं घ्यावी लागते. यकृत आधीच सिऱ्होसिसपर्यंत गेलं असेल तर मात्र थोडा विषाणू दिसला तरी औषध लगेच सुरू होतं.

पुढचा व्हायरल लोड १,९०० आला तेव्हा मी रात्रभर जागा होतो. दुपटीहून जास्त! डॉक्टरांनी समजावलं की हा आकडा दहाच्या पटीत वाचायचा असतो. ८६० आणि १,९०० हे जवळपास एकाच पायरीवर आहेत, तपासणीच्या चढउतारातही एवढा फरक पडतो. काळजी करायची ती ८६० चे ८,६०० झाले तर. तपासणी दर वेळी एकाच लॅबमध्ये करायची, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं. पुढच्या वेळी १,२०० आला.

२०२१ मध्ये माझ्या हातून चूक झाली. पाहुण्यांनी आईला एका गावचं काविळीचं औषध सांगितलं. सकाळी उपाशीपोटी कडू पाल्याचा रस आणि सोबत एक पुडी. आईचा जीव तुटत होता, मी तीन आठवडे घेतलं. तपासणीत एसजीपीटी ९६. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि आधी हेच विचारलं, "दुसरं काही घेताय का?" त्याच रक्तातला व्हायरल लोड १,६५० होता, जागचा हलला नव्हता. विषाणूमुळे सूज आली असती तर बहुधा तोही वाढलेला दिसला असता. पुडी बंद केली आणि सहा आठवड्यांत एसजीपीटी ३६ वर आला. त्या वेळी नुसता एसजीपीटी पाहून कुणी गोळी सुरू केली असती, तर ती चुकीच्या कारणासाठी आयुष्यभर घेत बसलो असतो.

एसजीपीटीबद्दल आणखी एक सांगतो, कारण मला ते उशिरा कळलं. पुढच्या वर्षी तो ४६ आला. लॅबच्या कागदावर मर्यादा ५० पर्यंत छापलेली, त्यामुळे आकडा ठळक झाला नव्हता. मी निवांत होतो. डॉक्टरांनी मात्र पेनाने त्याभोवती गोल केला. हिपॅटायटीस बी मध्ये पुरुषासाठी ते ३५ च्या आसपासची मर्यादा धरतात, बायकांसाठी २५. जागतिक आरोग्य संघटनेची तर त्याहूनही खाली आहे. तेव्हापासून मी छापलेली मर्यादा पाहत नाही. वहीत आधीचे सगळे आकडे लिहिलेत, त्यांच्याशी ताडून पाहतो.

२०२३ मध्ये तिन्ही गोल एकदम हलले. व्हायरल लोड १४,६००, एसजीपीटी ७८. या वेळी पाला नाही, पुडी नाही, दारूला तर मी कधीच शिवलो नाही. सोनोग्राफीत यकृतावर चरबीही नव्हती. सहा आठवड्यांनी परत तपासलं: १९,००० आणि ८४. फायब्रोस्कॅन ८.१. सूज असताना तो थोडा जास्त दाखवतो, हे डॉक्टरांनी सांगितलं. पण पूर्वीच्या ५.४ शी ताडलं तर ही वाढ सोडून देण्यासारखी नव्हती. ते म्हणाले, "आता सुरू करू."

गोळीआधी मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन झालं, हिपॅटायटीस सी झाली आणि एचआयव्हीची चाचणीही लिहून दिली. ती पाहून मी गांगरलो. कारण साधं होतं: मला द्यायचं औषध, टेनोफोव्हिर, एचआयव्हीवरही चालतं, आणि एचआयव्ही असताना ते एकटंच दिलं तर तो विषाणू त्या औषधाला दाद देईनासा होतो. सगळं निगेटिव्ह आलं. टेनोफोव्हिर ३०० मिलिग्रॅम, रोज एक. राष्ट्रीय हिपॅटायटीस नियंत्रण कार्यक्रमात ती सरकारी केंद्रावर मोफत मिळते.

सहा महिन्यांनी व्हायरल लोड 'आढळला नाही' असा आला, एसजीपीटी २९. मी विचारलं, "मग आता बंद?" डॉक्टरांनी मान हलवली. रक्तातला विषाणू थांबलाय, पण यकृताच्या पेशींच्या केंद्रकात त्याचं बीज तसंच आहे, एचबीएसएजी अजून पॉझिटिव्ह आहे. मनाने गोळी सोडली तर तो उसळतो, आणि ती उसळी यकृत निकामी करण्याइतकी जोरदार असू शकते. म्हणून प्रवासाला निघताना पैशांच्या पाकिटाआधी गोळ्यांची पट्टी पाहतो. क्रिएटिनिन आणि सोनोग्राफी सहा महिन्यांनी चालूच आहे, कारण गोळीने यकृताच्या कॅन्सरचा धोका कमी होतो, संपत नाही.

रात्री जेवण झालं की आई स्वतः पाण्याचा तांब्या आणून ठेवते. तिचा व्हायरल लोड कमी आहे, तिला अजून गोळी नाही. दादा मात्र "मला काय झालंय" म्हणत चार वर्षं टाळत राहिला. मागच्या महिन्यात मी माझी वही त्याच्यासमोर उघडली, १,६५० आणि १४,६०० ची पानं शेजारी शेजारी धरली. सोमवारी त्याचं रक्त द्यायला आम्ही दोघं जातोय.