सोळा खोल्या

सोमवार, रात्र

आज पाय सुजलेत. सरिता नव्हती. म्हणजे सोमवार आहे, नसणारच. नवऱ्याचं डायलिसिस सोम-बुध-शुक्र ठरलेलं, मशीनवरच चार तास, वर जाणं-येणं. तरी सकाळी फोन आला की आम्ही सगळ्या "अगोबाई, आज अचानक?" असं म्हणतो. कोणासाठी म्हणतो कोण जाणे.

हॉटेलात साफसफाईला आम्हा चौघींच्या बारा-बारा खोल्या. तिघी उरलो की सोळा. दुपारी दोनला चेकइन सुरू व्हायच्या आत खोल्या तयार असतात, म्हणून ऑफिसातून कोणी विचारत नाही. आपणच लपवायचं आणि मग कोणाला दिसत नाही म्हणून रडायचं! मी तर बसमध्ये थिवीपर्यंत मनातल्या मनात रडत होते. सोळा खोल्या, माझी कंबर, माझं वय. माझ्या घरी काय चाललंय ते कोण विचारतं? असो.

लक्ष्मीने मात्र दुपारी एवढंच म्हटलं होतं, "ताई, माझी पाचची बस आजही चुकणार." ते कुठेतरी टोचत होतं. म्हणून पर्समधून आजच्या खोलीवाटपाच्या चिठ्ठ्या काढल्या.

माझ्या सोळांत चेकआउट चार. राहत्या पाहुण्याची खोली वीस मिनिटांत होते, पण चेकआउटला चाळीस लागतात. चादरी, अभ्रे, टॉवेल सगळं बदलायचं, मिनीबार बघायचा, बाथरूम कोरडं करायचं. म्हणजे माझे चारशे मिनिटं, पावणेसात तासांच्या आत. लक्ष्मीच्याही सोळाच, पण चेकआउट नऊ. पाचशे मिनिटं. आठ तासांच्या कामात ती बसतच नाहीत. आणि शनिवार-रविवारचे मुंबई-पुण्याचे पाहुणे सोमवारी जातात, तेही नेमके तिच्या मजल्यावरचे.

चिठ्ठ्या लिहिते कोण? मीच. ट्रॉली लिफ्टमधून न्यायला नको म्हणून माझ्याच मजल्याच्या सलग खोल्या घेते. दर सोमवारी. आणि दर सोमवारी थिवीपर्यंत रडते.

सुपरवायझरला सांगायला हवं, निदान सरिताची सुटी रविवारची सोमवारवर आणावी. बुधवारी चेकआउट कमी असतात, ते आम्ही ओढू. शुक्रवारी पाहुणे येतात, त्या दिवशी बदली मुलगी मागावी. पण हे सांगायचं तर आधी सरिताला विचारायला हवं. पगार कापतील याची तिला धास्ती आहे, आणि माझी जीभ... चतुर्थीपासून हेच चाललंय.

उद्या ती येईल. डब्यात सगळ्यांना पुरेल इतकं काहीतरी आणेल, नेहमीच आणते. डबा संपायच्या आत विचारते.

पुढच्या सोमवारी आधी चेकआउट वाटायचे, मग उरलेल्या खोल्या. 302 माझ्या नावावर टाकलीय. त्या बाथरूममध्ये वाळू फार असते.