दोन प्रवास आणि एक चाचणी: सांकेतिक भाषेच्या दुभाषी प्रमाणपत्रासाठी आम्ही काय केले

माझा थोरला भाऊ जन्मापासून कर्णबधिर आहे आणि मला आठवते तेव्हापासून दवाखाना, बँक, शाळेतील सभा अशा सर्व ठिकाणी त्याच्या वतीने ऐकण्याचे आणि बोलण्याचे काम माझ्याकडे आहे. त्याच्या जुन्या शाळेतील एक बाई गेली अनेक वर्षे कर्णबधिर मुलांना शिकवत आहेत. आपल्याला ही भाषा येतेच, आता फक्त कागद मिळवायचा आहे, अशा समजुतीने आम्ही दोघी घराबाहेर पडलो. दोन प्रवासांत ही समजूत कशी उतरली, याचा हा वृत्तांत आहे. आमच्यासारख्या, म्हणजे शिक्षक किंवा घरातील ऐकू येणारी व्यक्ती असलेल्या वाचकांना त्यातून निदान आमच्या फेऱ्या तरी वाचवता येतील.

पहिला प्रवास वांद्र्याचा. तेथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत भारतीय सांकेतिक भाषेतील दुभाषित्वाचा पदविका अभ्यासक्रम चालतो. त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे ‘डिसली’ म्हणतात. हा अभ्यासक्रम बारावीनंतरचा, पूर्णवेळ, दोन वर्षांचा असून त्याला भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची मान्यता आहे. आरसीआय ही 1992च्या कायद्याने स्थापन झालेली परिषद आहे. अपंगत्व पुनर्वसनाच्या क्षेत्रातील मान्यताप्राप्त अर्हता कोणत्या हे ती ठरवते आणि त्या अर्हता असलेल्यांची केंद्रीय नोंदवही ठेवते. याच्या शेजारीच ‘डीटीआयएसएल’ हे नाव दिसते. ती सांकेतिक भाषा शिकवण्याची पदविका असून कर्णबधिर उमेदवारांसाठी आहे, त्यामुळे ऐकू येणाऱ्यांनी त्या रांगेत उभे राहू नये. आम्ही राहिलो होतो.

बाईंचा पहिला प्रश्न होता की त्यांची विशेष शिक्षणाची पदवी आणि आरसीआयचा नोंदणी क्रमांक पुरेसा नाही का. तो पुरेसा नाही. तो क्रमांक शिक्षक म्हणून आहे. कर्णबधिर मुलांना शिकवणे ही एक अर्हता आणि दोन भाषांच्या मध्ये उभे राहणे ही दुसरी, आणि पहिलीतून दुसरी आपोआप मिळत नाही.

मान्यतेच्या बाबतीत मी आधीच एकदा फसले होते. एका शिकवणी वर्गाने तीन महिन्यांच्या शेवटी जे प्रमाणपत्र दिले त्यावर ‘शासनमान्य’ असे ठळक छापलेले होते. नीट वाचल्यावर कळले की ती मान्यता म्हणजे त्या संस्थेची सोसायटी म्हणून झालेली नोंदणी होती. तिचा अभ्यासक्रमाशी काडीचाही संबंध नव्हता. म्हणून पैसे भरण्यापूर्वी rehabcouncil.nic.in येथील मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत तीन गोष्टी एकत्र जुळतात का ते पाहावे: संस्थेचे नाव, तुम्हाला हव्या असलेल्या अभ्यासक्रमाचे नाव आणि तुमच्या तुकडीचे शैक्षणिक वर्ष. एखाद्या संस्थेला विशेष शिक्षणाच्या पदविकेची मान्यता असते आणि दुभाषी अभ्यासक्रमाची नसते. किंवा मान्यता असते, पण तिची मुदत संपलेली असते. अल्पमुदतीचे संभाषण वर्ग वाईट नसतात. भाषेची सुरुवात करायला आणि घरात बोलायला ते उत्तम आहेत. मात्र ते पूर्ण केल्याने कोणी दुभाषी ठरत नाही, आणि प्रामाणिक वर्ग हे स्वतःहून सांगतात.

माझ्यासाठी दुसरी वाट निघाली. कर्णबधिर आईवडिलांच्या ऐकू येणाऱ्या मुलांना ‘कोडा’ आणि भावंडांना ‘सोडा’ म्हणतात. घरातूनच भाषा आलेल्या अशा लोकांसाठी कौशल्य तपासणारी स्वतंत्र चाचणी होते. तिच्या सूचना दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राच्या islrtc.nic.in या संकेतस्थळावर पाहाव्यात. हे केंद्र 2015 साली स्थापन झाले असून ओखल्यात आहे. सूचना दर वेळी मुळातून वाचावी, कारण कोणत्या वर्गातील उमेदवार पात्र आहेत, चाचणीचे भाग कोणते आणि गुण कसे, हे तिच्यातच असते. शिक्षकांनी तर आपला वर्ग तिच्यात आहे का हे सर्वांत आधी पाहावे.

कागदपत्रांत मी अडकले ते भावाच्या अपंगत्व प्रमाणपत्रावर नव्हे, तर आमच्या नात्यावर. त्याच्या यूडीआयडी कार्डावर माहेरचे आडनाव, माझ्या आधारवर सासरचे. आम्ही भावंडे आहोत हे सिद्ध करायला माझा शाळा सोडल्याचा दाखला, त्याचा जन्मदाखला आणि माझ्या विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र असे तीन कागद एकत्र जोडावे लागले. विवाहित बहिणींनी ही साखळी घरीच जुळवून ठेवावी.

दिल्लीला निघण्यापूर्वी आम्ही दोघी मुंबईतील एका प्रशिक्षित कर्णबधिर शिक्षकांकडे सरावाला गेलो, आणि या साऱ्या खटाटोपातील सर्वांत मोलाचा तास तोच होता. त्यांच्या सहायकाने डॉक्टरांचे बोलणे म्हणून एक साधा उतारा वाचला: “ही गोळी रोज सकाळी जेवणाआधी अर्धी घ्या. आठ दिवसांनी पुन्हा दाखवा. मध्येच ताप राहिला तर मात्र लगेच या.” तो आम्ही एकेकीने खुणांतून सांगायचा होता.

बाईंनी एकही शब्द सोडला नाही, आणि त्यांची चूक नेमकी तीच होती. वर्गात तोंडाने बोलत बोलत खुणा करण्याची सवय असल्याने त्यांच्या खुणा मराठी वाक्याच्या मागोमाग चालत होत्या. “ताप राहिला” येथे त्यांनी घरात राहण्याची खूण केली, आणि “पुन्हा दाखवा” येथे वस्तू दाखवण्याची. सर शांतपणे पाहत होते. मग त्यांनी विचारले, “ताप कोणाच्या घरी राहायला गेला, आणि आठ दिवसांनी डॉक्टरांना काय दाखवायचे, गोळी?” आम्हाला हसू आले, पण मुद्दा लख्ख कळला. “राहिला”चा अर्थ येथे ‘अजून आहे’ असा, आणि “दाखवा”चा अर्थ ‘तपासायला या’ असा. शिवाय “तर” या शब्दासाठी हाताची खूण शोधत बसायचे नसते. भुवया वर नेऊन ‘ताप अजून आहे’ हा भाग करायचा, क्षणभर थांबायचे आणि मग ‘लगेच या’ सांगायचे. अट चेहऱ्यावर आणि त्या थांबण्यात असते. त्या दिवशी बाईंचा चेहरा पूर्ण वेळ शिकवणाऱ्या माणसाचा, प्रसन्न आणि एकसारखा राहिला होता, म्हणून खुणा बरोबर असलेल्या जागीही वाक्ये चुकली.

माझ्या खुणा सरांना आवडल्या. क्रम ठीक होता, चेहराही ठीक होता. मग त्यांनी विचारले, “ताप आला तर काय करायचे?” मी ते सांगितलेच नव्हते. मी विसरले नव्हते. मी ते नकळत गाळले होते, कारण घरी ताप राहिला तर भावाला दवाखान्यात नेणारी मीच असते, तेव्हा ही अट त्याला सांगण्याचे कारण मला कधी पडलेच नाही. घरातून आलेल्या दुभाष्यांचा हा नेहमीचा दोष असल्याचे सरांनी सांगितले. आपण दोन माणसांच्या मध्ये निरोप पोचवत नाही, तर कर्णबधिर माणसाला जेवढे लागेल असे आपल्याला वाटते तेवढेच देतो. परीक्षक गाळलेले, स्वतःच्या पदरचे घातलेले आणि बदललेले असे तीन प्रकार वेगवेगळे पाहतात, आणि आपली खूण कितीही सुंदर असली तरी गाळलेले ते गाळलेलेच.

आपल्याला यातला कोणता दोष आहे हे ओळखण्याची सोपी युक्ती सरांनी दिली. पाच मिनिटांची बातमी किंवा भाषण लावून स्वतःचे खुणा करतानाचे चित्रीकरण करावे, दोन दिवसांनी मूळ आवाज बंद ठेवून ते पाहावे आणि आपल्याच खुणांवरून मजकूर कागदावर उतरवावा. मग मूळ मजकुराशी ताडून पाहावे. मी हे सात-आठ वेळा केले. दर वेळी गळलेली वाक्ये ‘पण’, ‘जर’ आणि ‘शिवाय’ यांच्या आसपासची निघाली.

दिल्लीच्या प्रवासाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. आदल्या दिवशी पोचावे एवढेच, कारण रात्रभर गाडीत बसून आल्यावर चेहरा चालत नाही आणि निम्मे व्याकरण चेहऱ्यावर आहे. कपडे एकरंगी, कातडीच्या रंगाहून वेगळे दिसणारे, नक्षी नसलेले असावेत. बांगड्या, अंगठ्या आणि चमकदार नेलपॉलिश काढून ठेवावे, केस चेहऱ्यावर येऊ देऊ नयेत.

चाचणीत आमच्या वेळी ऐकलेल्या मजकुराच्या खुणा करणे, कर्णबधिर व्यक्तीच्या खुणांचा आवाज होणे आणि परीक्षकांशी संवाद असे भाग होते. बहुतेक जण पहिल्या भागाची तयारी करून येतात आणि दुसऱ्यात कोसळतात. पडद्यावर एक गृहस्थ आपल्या स्कूटरच्या अपघाताची हकीकत सांगत होते. एक तळहात रस्ता झाला, दुसऱ्या हाताची स्कूटर त्यावरून निघाली, कडेने काहीतरी आडवे आले आणि ती उलटली. खुणांत हे दोन सेकंदांचे काम असते, मात्र मराठीत त्याचे पूर्ण वाक्य करावे लागते, तोवर ते गृहस्थ पुढच्या प्रसंगात गेलेले असतात. शिवाय बोलताना “ते म्हणतात की” असे म्हणायचे नसते. जो बोलतो त्याचा ‘मी’ हाच दुभाष्याचा ‘मी’. माझ्या तोंडून पहिल्या वाक्यात “त्यांची गाडी” असे निघून गेले आणि पुढच्याच वाक्यात मी “मी पडलो” म्हणाले. एकाच अपघातात दोन माणसे झाली. पुढच्यांनी सरावात मुद्दाम अनोळखी कर्णबधिर व्यक्तींची चित्रणे घ्यावीत, कारण आपल्या भावाच्या हातांची सवय ही भाषेची सवय नव्हे. त्यात प्रांताप्रांतातील शब्दखुणाही बदलतात. एक खूण मला अजिबात ओळखीची नव्हती. अशा वेळी अंदाजाने वाक्य रचण्यापेक्षा तेवढा शब्द मोकळा सोडून पुढचा धागा पकडावा. केंद्राच्या 10,000 शब्दांच्या शब्दकोशातून आधी दैनंदिन शब्दांच्या खुणा पाहून ठेवल्या तर हा प्रसंग कमी वेळा येतो.

परीक्षकांत एक कर्णबधिर होते. संवादात त्यांनी विचारले की डॉक्टर वाईट बातमी सांगत आहेत आणि कर्णबधिर रुग्णाची आई तुम्हाला म्हणते, “एवढे त्याला सांगू नका”, तर तुम्ही काय कराल. आईचे वाक्यही त्याला खुणांतून सांगेन, असे मी उत्तर दिले. उत्तर द्यायला मला वेळ लागला, कारण अशी आई मी स्वतःच अनेकदा झाले आहे.

बाई आता दोन वर्षांची रजा मिळते का ते पाहत आहेत आणि डिसलीला बसणार आहेत. माझा निकाल अजून यायचा आहे. घरी परतल्यावर भावाने चाचणीत काय विचारले ते विचारले, तेव्हा मी सरावातला तो डॉक्टरांचा उतारा त्याला अटीसकट करून दाखवला. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग त्याने विचारले, गेल्या पावसाळ्यात माझ्या तापाच्या वेळीही डॉक्टर असे काही म्हणाले होते का. म्हणाले होते.