टँकच्या तोंडावर डुलणारा लोड आणि अर्ध्या वेगाचे अडीच सेकंद

अंबडच्या आमच्या कारखान्यात ट्रान्सफॉर्मर जुळवले जातात. त्यातलं सगळ्यात जोखमीचं काम म्हणजे कोर-कॉइलचा तयार जोड डोक्यावरच्या रुळांवर धावणाऱ्या दहा टनी ईओटी क्रेनने उचलायचा, शेडच्या दुसऱ्या टोकाला न्यायचा आणि टँकमध्ये उतरवायचा. जोड चार टनांच्या आसपास. कॉइल आणि टँकची भिंत यांच्यात मोकळी जागा मोजून काही सेंटीमीटर. क्रेन टँकवर येऊन थांबायची, जोड मात्र डुलतच राहायचा. मग दोन हेल्पर पुढे होऊन तो हाताने धरून शांत करायचे. चार टनांचा झुलता लोड आणि शेजारी पत्र्याची भिंत, मध्ये माणूस. हे बंद करायचं ठरलं आणि मेंटेनन्सकडे असल्यामुळे काम माझ्याकडे आलं.

आमचे जुने ऑपरेटर काका असले की हा त्रास कमी असायचा. ते टँकच्या अलीकडेच बटण सोडायचे, लोड पुढे झुकला की पुन्हा क्षणभर दाबायचे आणि ट्रॉली बरोबर लोडच्या डोक्यावर नेऊन उभी करायचे. झोका तिथेच संपायचा. नव्या पोरांना ते जमत नव्हतं. मी जे इनपुट शेपिंग पुढे पीएलसीमध्ये, म्हणजे क्रेनला आज्ञा देणाऱ्या छोट्या औद्योगिक संगणकात, बसवलं ते तत्त्वाने काकांचंच काम आहे, फक्त वेळ डोळ्याने न पकडता हिशोबाने पकडलेली.

हिशोब शाळेतल्या लंबकाचा. झोक्याचा काळ T = 2π√(L/g). यात वजन कुठेच नाही, त्यामुळे लोड चार टनी असो की चारशे किलोचा, काळ तोच. L म्हणजे वरच्या पुलीपासून लोडच्या गुरुत्वमध्यापर्यंतचं अंतर. जोड उचलून नेताना आमचं हे अंतर साधारण ६ मीटर असतं, म्हणून काळ ४.९ सेकंद. खात्रीसाठी सुट्टीच्या दिवशी जोड मुद्दाम डुलवला आणि मोबाइलच्या स्टॉपवॉचवर दहा झोके मोजले. एकोणपन्नास सेकंद आणि थोडे वर. एकच झोका मोजला तर बोटाची घाई-उशीर आकड्यात शिरते, म्हणून दहा मोजायचे.

आता झोका किती मोठा? आमची लाँग ट्रॅव्हल, म्हणजे शेडच्या लांबीच्या दिशेची चाल, मिनिटाला २० मीटर, म्हणजे सेकंदाला ३३ सेंटीमीटर. या वेगातली क्रेन एकदम थांबली तर लोड दोन्ही बाजूंना २६ सेंटीमीटर जातो. मोटरचा वेग ठरवणाऱ्या ड्राइव्हमध्ये ३ सेकंदांचा रॅम्प होता, म्हणजे वेग एकदम न बदलता तेवढ्या वेळात हळूहळू बदलायचा, त्यामुळे प्रत्यक्षात तो निम्मा, १३ च्या आसपास व्हायचा. पण सुरुवातीचा झोका जिरलेलाच नसतो. हवेचा आणि दोराचा विरोध इतका कमी की झोका मिनिटन्‌मिनिटं चालतो. थांबताना वेळ वाईट जुळली की दोन्ही झोके एकमेकांत मिळतात आणि परत २६.

इनपुट शेपिंगची युक्ती अशी की पूर्ण वेग एकदम द्यायचा नाही. आधी अर्धा द्यायचा, अर्धा काळ थांबायचं, मग उरलेला अर्धा. पहिल्या अर्ध्याने उठवलेला झोका आणि दुसऱ्या अर्ध्याने उठवलेला झोका बरोबर उलटे पडतात आणि एकमेकांना खाऊन टाकतात. थांबतानाही तेच: २० वरून १०, मग अडीच सेकंदांना किंचित कमी, मग शून्य. ही कल्पना ऑटो स्मिथ यांनी १९५७ मध्ये पॉसिकास्ट या नावाने मांडली. नील सिंगर आणि वॉरन सीअरिंग यांनी १९९० मध्ये तिला काळ थोडा चुकला तरी चालेल असं रूप दिलं.

पीएलसीच्या आधी मी फुकटचा उपाय करून पाहिला. ड्राइव्हचा रॅम्प सरळ ४.९ सेकंद केला, म्हणजे झोक्याच्या एका पूर्ण काळाइतका. सरळ रेषेचा रॅम्प बरोबर एक काळ चालला तर शेवटी झोका उरत नाही, हेही गणितातूनच येतं. (रॅम्पची टोकं गोलसर करणारा एस-कर्व्ह बंद असला पाहिजे, नाहीतर हिशोब बदलतो.) आणि खरंच, लोड जवळजवळ शांत थांबला. ज्यांच्याकडे हुक नेहमी एकाच उंचीवर धावतो त्यांनी इथेच थांबावं, पुढचं वाचायचीही गरज नाही. आमच्याकडे दोन अडचणी होत्या. खड्ड्यातून काम करताना अंतर ९ मीटर होतं, तिथे त्याच रॅम्पवर ७ सेंटीमीटरचा झोका उरायचा. शिवाय बटण सोडल्यावर क्रेन ८२ सेंटीमीटर पुढे जायची आणि टिचकी मारून बोटभर सरकवणं, जे टँकवर सतत लागतं, ते फार सुस्त झालं.

म्हणून पीएलसी. होइस्टला एन्कोडर होताच, त्यावरून हुकची उंची मिळते. दर २० मिलिसेकंदांनी चालणाऱ्या टास्कमध्ये एवढाच कोड:

```
IF NOT moving THEN
  n := REAL_TO_INT(3.1416 * SQRT(L / 9.81) / 0.02);
END_IF
buf[i] := cmd;
j := (i - n + 250) MOD 250;
ref := 0.5 * cmd + 0.5 * buf[j];
i := (i + 1) MOD 250;
```

`cmd` म्हणजे बटणावरून आलेली वेगाची आज्ञा, `ref` म्हणजे ड्राइव्हला जाणारी. `n` म्हणजे अर्ध्या काळात टास्क किती वेळा चालतो तो आकडा. क्रेन चालू असताना `n` गोठवला आहे. चालता चालता हुक वर-खाली केला तर जुनी आज्ञा वाचायची जागा मध्येच उडी मारते आणि वेगाला झटका बसतो. गोठवल्यावर झटका जातो, पण अशा वेळी झोका पूर्ण मरत नाही हेही मान्य करावं लागतं. लाँग ट्रॅव्हल आणि आडवी चाल म्हणजे क्रॉस ट्रॅव्हल, दोन्हींना हाच कोड स्वतंत्रपणे लावला.

कोड अर्ध्या दिवसाचा. वेळ गेला तो ड्राइव्ह आणि ब्रेकला आज्ञा पाळायला लावण्यात. बटण सुटताच ब्रेक बसत असेल तर शेपिंगला अर्थच उरत नाही, कारण अर्ध्या वेगाचे ते अडीच सेकंद क्रेनला मिळतच नाहीत. आमच्याकडे ब्रेकचा काँटॅक्टर ऑपरेटरच्या हातातल्या पेंडंटच्या बटणावरच होता. तो ड्राइव्हच्या रिलेवर घेतला, म्हणजे वेग शून्य झाल्यावरच ब्रेक बसतो. दुसरी गोष्ट परत जुन्या आकड्यावर नेलेल्या रॅम्पची. ३ सेकंदांच्या रॅम्पवर अर्ध्या वेगापर्यंत यायला दीड सेकंद लागतो. हुक अगदी वर असताना अर्धा काळच त्यापेक्षा लहान होतो. मग पहिली पायरी पूर्ण व्हायच्या आत दुसरी सुरू होते, दोन्ही मिळून एकच सरळ उतार बनतो आणि शेपिंग गायब. हे ओळखायचं ड्राइव्हच्या डिस्प्लेवर: वारंवारता ५० वरून २५ वर येऊन थबकली पाहिजे. न थबकता घसरत गेली तर समजावं की पायऱ्या एकमेकींत गेल्या. रॅम्प २ सेकंदांवर आणल्यावर हा प्रश्न मिटला. थांबायचं अंतर ५८ सेंटीमीटर झालं.

झोका मोजायला जोडाखाली ओळंबा बांधला, जमिनीवर फूटपट्टी चिकटवली आणि मोबाइलवर स्लो मोशन काढलं. पहिल्या दिवशी पट्टीवर ५ सेंटीमीटर दिसत होते. कारण सापडायला वेळ लागला नाही, कारण आकडाच बोलका होता. एन्कोडरला फक्त हुक माहीत. हुक ४.५ मीटरवर होता, पण त्याखाली स्लिंग आणि जोडाचा अर्धा भाग मिळून आणखी दीड मीटर. पीएलसी ४.२५ सेकंदांचा काळ धरत होता, खरा होता ४.९. एवढ्या फरकाने २६ पैकी साधारण पाचवा हिस्सा झोका उरतो, म्हणजे तेच ५ सेंटीमीटर. मग रिमोटवर तीन जागांचा सिलेक्टर बसवला: रिकामा हुक, छोटी स्लिंग, जोडाची स्लिंग. प्रत्येकाला किती मीटर मिळवायचे ते पीएलसीत भरलं. आता पट्टीवर बोटाच्या रुंदीइतका झोका दिसतो.

सिंगर-सीअरिंगचं रूप, म्हणजे पाव, अर्धा, पाव अशा तीन पायऱ्या, हेही लावून पाहिलं. सिलेक्टर चुकीच्या जागी असला तरी त्यात झोका सेंटीमीटरभरच उरतो. पण निव्वळ शेपिंगमुळे होणारी पुढची घसरण ४१ वरून ८२ सेंटीमीटर होते. टँकवर ती परवडेना, म्हणून दोन पायऱ्याच ठेवल्या. सिलेक्टर बघायची शिस्त लावणं मला त्यापेक्षा सोपं वाटलं.

ऑपरेटर काकांची पहिली प्रतिक्रिया मात्र मी विसरणार नाही. "साहेब, बटण सोडलं तरी ही पुढं चाललीय!" आणि त्यांनी घाबरून उलटं बटण दाबलं. त्याने झोका वाढला नाही, पण क्रेन भलतीच मागे आली. त्यांना दाखवलं की बटण जितका वेळ दाबाल तितकंच एकूण अंतर क्रेन कापते. ती फक्त उशिरा निघते आणि तितक्याच उशिरा थांबते. मग त्यांनी स्वतःच टँकच्या अलीकडे जमिनीवर पिवळा पट्टा मारून घेतला, बटण कुठे सोडायचं त्याचा.

"आता मी कशाला पाहिजे?" असं ते गमतीत म्हणाले. पाहिजेतच, कारण शेपिंगला लोड दिसत नाही. ते फक्त क्रेनने स्वतः उठवलेला झोका मारतं. हुक गुरुत्वमध्याच्या बरोबर वर न आणता तिरका उचलला तर लोड सुटतानाच झुलतो आणि तो झोका तसाच शेवटपर्यंत येतो. कोणी धक्का दिला, दारातून वारा आला, तरी तेच. तो मारायचा तर कोन मोजणारा कॅमेरा किंवा सेन्सर लागतो आणि ते काम वेगळ्या बजेटचं.

इमर्जन्सी स्टॉपला शेपिंगमधून जाऊ द्यायचं नाही. तो थेट पुरवठा तोडतो, ब्रेक बसतो, लोड झुलतो, आणि तसंच असलं पाहिजे. मात्र ट्रॅव्हलचे स्लो-डाउन लिमिट स्विच नव्या थांबण्याच्या अंतराप्रमाणे मागे सरकवावे लागतात. सगळ्यात खालच्या हुकसाठी हिशोब करून आम्ही ते हलवले. त्याच रुळांवर दुसरी क्रेन असल्यामुळे तिच्यापासूनचं अंतरही वाढवलं.

रेडिएटर उचलताना अजून पूर्ण समाधान नाही. ते हलके, स्लिंग लांब, आणि हुक ब्लॉक त्यांच्या मानाने जड. तिथे हुक एका काळाने आणि रेडिएटर दुसऱ्या काळाने डुलतो आणि एका काळासाठी केलेलं शेपिंग दुसऱ्याला पुरत नाही. दुसरा काळ मोजून त्याच्यासाठी आणखी एक शेपर मालिकेत लावता येतो, पण प्रत्येक रेडिएटरचं वजन वेगळं असल्यामुळे तो काळही बदलतो. सध्या रेडिएटरसाठी क्रेन हळू वेगातच चालवतो.