ग्राइंडरवरचा १८ आणि चाळणीतली कॉफी

जूनच्या अखेरीस मी माझा कॉफीचा ग्राइंडर साफसफाईसाठी एका दुरुस्ती केंद्रात दिला आणि तो परत आल्यापासून माझी सकाळची कॉफी पांचट व आंबट लागू लागली. तबकडीवरचा आकडा नेहमीचाच, म्हणजे १८ होता. पण १५ ग्रॅम कॉफीवर ओतलेले २५० ग्रॅम पाणी पूर्वी तीन मिनिटांत कागदी गाळणीतून उतरत असे, ते आता सव्वादोन मिनिटांतच उतरत होते. याचा अर्थ दळण जाडे झाले होते. केंद्रात फोन केला, तेव्हा “साहेब, आकडा तोच आहे ना? मग मशीन ठीक आहे,” असे उत्तर मिळाले. या एका वाक्याने मला चाळण्यांच्या नादी लावले.

तो आकडा मिलिमीटर सांगत नाही. आतल्या दोन दातेरी चकत्यांमधले अंतर कमी-जास्त होते, तेवढेच तबकडी दाखवते. आणि चकत्या काढून पुन्हा बसवताना त्या एकमेकींना टेकण्याची जागा किंचित सरकली, तर १८ म्हणजे वेगळेच अंतर होते.

माझ्याकडे साफसफाईच्या आधी १८ वर दळलेली कॉफी एका डब्यात उरली होती आणि त्याच पुड्यातले दाणेही शिल्लक होते, हे माझे नशीब. दाणे बदलले असते तर तुलना फसली असती, कारण जास्त भाजलेला दाणा ठिसूळ असतो आणि त्याच आकड्यावर अधिक भुकटी करतो. भुलेश्वरच्या भांड्यांच्या दुकानांतून दोन चाळण्या आणल्या. जाड्या चाळणीत एका सेंटिमीटरला ९ छिद्रे होती, म्हणजे तारेची जाडी वजा जाता प्रत्येक छिद्र अंदाजे ०.८ मिलिमीटर, बारीक चाळणीत १६, म्हणजे साधारण ०.४ मिलिमीटर. पट्टी ठेवून मोबाइलवर फोटो काढला आणि तो मोठा करून छिद्रे मोजली.

यानंतर मात्र माझे तीन रविवार वाया गेले. डब्यातली तीच कॉफी २० ग्रॅम घेऊन चाळली, तर जाड्या चाळणीवर एकदा ५.१ ग्रॅम उरली, दुसऱ्यांदा ७.४ आणि तिसऱ्यांदा ६. जे माप स्वतःशीच जुळत नाही, त्याच्या जोरावर मी केंद्राशी काय भांडणार? पहिले कारण मुंबईचा जुलै हेच होते: दमट हवेत बारीक कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होत होत्या आणि त्या गुठळ्या जाड कणांच्या नावावर जमा होत होत्या. शिवाय २० ग्रॅम एकदम ओतल्याने बारीक चाळणीची छिद्रे बुजत होती, आणि मी वैतागून कधी अर्धा मिनिट, तर कधी दोन मिनिटे हलवत होतो. आई शेवटी म्हणाली, “अरे, आपटतोस काय? मैदा चाळतात तशी तळहातावर थोपट.” तेव्हापासून पाच-पाच ग्रॅमचे चार घाणे, प्रत्येक चाळणीवर एक मिनिट थोपटणे आणि प्रत्येक घाण्यानंतर कोरड्या ब्रशने उलट्या बाजूने जाळी झाडणे, असा नियम केला. कॉफी मात्र डबा उघडल्याबरोबर चाळावी, पंख्याखाली तर मुळीच नाही. सगळे भाग पुन्हा एकत्र तोलल्यावर २० ग्रॅममधली अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त कॉफी हरवली असेल, तर ती फेरी मी बाद धरतो.

असे केल्यावर जुन्या कॉफीचे लागोपाठ तीन निकाल ५.२, ५.० आणि ५.३ ग्रॅम आले. नवी १८ वरची कॉफी त्याच रीतीने चाळली, तर जाड्या चाळणीवर ८.९ ग्रॅम उरली. आकडा एकेक घराने खाली आणत १४ वर आलो, तेव्हा ५.३ ग्रॅम जाडी, ११.५ मधली आणि २.९ बारीक मिळाली. जुनीचे भागही जवळपास तेवढेच होते. त्या दिवशी पाणी पुन्हा तीन मिनिटांत उतरले.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती: आकडा बदलल्यावर निघणारे पहिले काही ग्रॅम चकत्यांत अडकलेल्या जुन्या दळणाचे असतात, ते बाजूला काढावेत. १६ वरचा माझा पहिला निकाल त्यामुळेच फसवा निघाला होता. स्वयंपाकघरातली जाळी प्रयोगशाळेच्या चाळणीइतकी एकसारखी नसते, म्हणून माझे ५.२ ग्रॅम तुमच्या चाळणीला लागू पडणार नाहीत. त्याच दोन चाळण्या, पोचा पडू न देता, जपून ठेवाव्या लागतात. माझ्या चाळण्यांवर आता “फक्त कॉफी” अशी चिठ्ठी आहे, तरी गेल्या आठवड्यात एकीत रवा सापडला.

केंद्राला मी तिन्ही भागांच्या पुड्यांचे फोटो पाठवले. “मग १४ वर वापरा,” असे त्यांनी कळवले आहे.